जुन्या गाडीचा रंग मोजताना, फटी पाहताना

जुनी गाडी बघायला गेलं, की विकणाऱ्याकडून एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं : ‘साहेब, टचिंगसुद्धा नाही, सगळा कंपनीचा पेंट आहे.’ गाडी नुकतीच धुऊन, पॉलिश करून उभी असते. ऊन बोनेटवर असं चमकत असतं, की त्या वाक्यावर शंका घ्यायला नजरेला काही सापडतच नाही. पण रंगाची जाडी मोजता येते आणि दोन पत्र्यांमधली फटही मोजता येते. ही दोन मापं एकमेकांशी ताडून पाहिली, तर गाडीला कुठे मार बसला होता आणि तो पत्र्यापुरता होता की आतल्या सांगाड्यापर्यंत गेला होता, याचा बराच भरवशाचा अंदाज तासाभरात बांधता येतो.

यातलं एकच माप घेऊन निष्कर्ष काढणारे मात्र फसतात. रंग जाड लागला म्हणून गाडी मोठ्या अपघातातली, असं होत नाही. रंग पातळ लागला म्हणून गाडी निर्दोष, असंही नाही. कित्येकदा गोष्ट नेमकी उलटी असते.

कारखान्यात रंग कसा चढतो, हे पाहिलं की याचं कारण कळतं. गाडीचा नुसता पत्र्याचा सांगाडा आधी एका मोठ्या टाकीत बुडवला जातो. तिथे विजेच्या साहाय्याने गंजरोधक थर पत्र्याच्या कानाकोपऱ्यांत बसतो. त्यावर प्रायमर, त्यावर रंगाचा थर आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट. हे सगळं यंत्रमानव ठरलेल्या अंतरावरून, ठरलेल्या वेगाने फवारतात. म्हणून एवढे थर मिळूनही जाडी साधारण ८० ते १५० मायक्रॉनच भरते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो, म्हणजे गाडीचा सगळा रंग मिळून जेमतेम दोन केसांएवढा. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे ही जाडी गाडीभर जवळपास सारखी असते. छतावर ११० असेल, तर दारावर १०५ ते १२५ अशी काहीतरी असते.

डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजमध्ये असं होत नाही. तिथे जुना रंग बहुधा पूर्ण काढत नाहीत. तो घासून त्यावरच नवा प्रायमर, नवा रंग, नवा क्लिअर कोट मारतात. हाताने फवारताना एक हात कुठे जास्त पडतो, कुठे कमी. साहजिकच जाडी २०० ते ३५० च्या घरात जाते आणि एकाच दारावर दहा बोटांच्या अंतरातही बदलते. पत्र्याला पोचा आला असेल आणि तो पुरता बाहेर काढता आला नसेल, तर उरलेला खड्डा पुट्टीने भरतात. पुट्टी कधी अर्धा मिलिमीटर असते, तर कधी दोन-तीन मिलिमीटर. अशा जागी माप ५०० च्या वर जातं, कधी हजार ओलांडतं.

हे माप घेणारं उपकरण हाताच्या पंज्यात मावतं. भारतात बहुतेक गाड्यांचा पत्रा पोलादी असतो. पोलादावर हे उपकरण चुंबकीय प्रेरणेने चालतं : त्याच्या टोकातल्या चुंबकीय क्षेत्राला खालचं लोखंड जितकं जवळ, तितका प्रतिसाद जोरदार. मधला रंग जाड, तितका प्रतिसाद मंद. त्यावरून अंतर मोजलं जातं. ॲल्युमिनियमवर हे जमत नाही. तिथे धातूत सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण करून अंतर काढावं लागतं. काही महागड्या गाड्यांचं बोनेट किंवा अख्खी बॉडी ॲल्युमिनियमची असते, म्हणून दोन्ही धातू ओळखणारं उपकरण घेतलेलं बरं. प्लॅस्टिकवर मात्र हे साधं उपकरण चालत नाही. बंपर त्यामुळे या तपासणीतून बाहेरच राहतो. त्याचं फार वाईट वाटून घेण्याचं कारण नाही, कारण शहरातल्या गर्दीत बंपर घासला जातोच आणि त्यावर नवा रंग असणं ही काही बातमी नव्हे.

मोजायची रीत सोपी आहे, पण ती पाळावी लागते. उपकरणासोबत धातूची एक कोरी चकती आणि ठरावीक जाडीच्या एक-दोन पट्ट्या येतात. चकतीवर शून्य दाखवतंय ना आणि पट्टीवर तिच्यावर छापलेला आकडा येतोय ना, हे आधी पाहायचं. गाडी धुतलेली आणि कोरडी हवी. धुळीचा एक कणसुद्धा मापात शिरतो. टोक पत्र्याला काटकोनात टेकवायचं. कडेपासून दोन-तीन सेंटिमीटर आत राहायचं आणि जिथे पत्रा तीव्र वळतो तिथे मोजायचं नाही, कारण कडेवर आणि वळणावर आकडा भरकटतो.

सुरुवात छतापासून करावी. किरकोळ धडकेत छताला सहसा काही होत नाही, त्यामुळे तिथला आकडा हा त्या गाडीचा मूळ आकडा मानता येतो. उलटलेली किंवा वर झाड पडलेली गाडी याला अपवाद, म्हणून छतावरही पाच-सहा ठिकाणी मोजून आकडे सारखे आहेत ना, हे पाहायचं. मग घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेने गाडीभोवती फिरायचं : बोनेट, डावा फेंडर, डावं पुढचं दार, मागचं दार, मागचा क्वार्टर पॅनल, डिकी आणि तसंच उजव्या बाजूने परत. प्रत्येक पत्र्यावर निदान पाच जागा : चार कोपऱ्यांजवळ आणि एक मध्यावर. आकडे कागदावर लिहायचे. लक्षात ठेवून काम भागत नाही, कारण शोध एका मोठ्या आकड्याचा नसतो. आकड्यांची रांग कुठे मोडते, हे पाहायचं असतं.

इथपर्यंत बरेच जण येतात आणि इथेच थांबतात. ३०० चा आकडा दिसला की गाडी बाद, सगळीकडे १२० च्या आसपास आकडे आले की गाडी पास. पण बोनेट, फेंडर आणि दारं ही बोल्टने बसवलेली असतात. जोराच्या धडकेत ती इतकी चेपतात, की गॅरेजवाला ती सरळ करण्यापेक्षा नवीन आणतो. नवा पत्रा कारखान्यातून काळ्या किंवा राखाडी गंजरोधक थरासह येतो. त्यावर गॅरेजमध्ये एकदाच रंग चढतो, खाली जुना रंग नसतो, पुट्टी नसते. मोजलं तर १३० किंवा १५० येतं. मोठ्या धडकेतून आलेली गाडी अशा रीतीने रंगाच्या परीक्षेत जवळजवळ पैकीच्या पैकी गुण मिळवते, तर सोसायटीच्या खांबाला घासलेली गाडी पुट्टीमुळे नापास होते.

इथे फटी कामाला येतात. बोनेट आणि फेंडर, फेंडर आणि दार, दार आणि दार, दार आणि क्वार्टर पॅनल यांच्यामध्ये कारखाना एक ठरावीक मोकळी जागा सोडतो. बहुतेक गाड्यांत ती तीन ते पाच मिलिमीटर असते. पण नेमका आकडा इथेही दुय्यम आहे. डावीकडची फट उजवीकडच्या त्याच जागेच्या फटीइतकी आहे का आणि ती वरपासून खालपर्यंत सारख्या रुंदीची आहे का, हे दोन प्रश्न महत्त्वाचे. उजवीकडे चार मिलिमीटर आणि डावीकडे साडेचार, हे कारखान्यातही घडतं, विशेषतः स्वस्त गाड्यांत. पण एकच फट वर दोन आणि खाली पाच मिलिमीटर असेल, म्हणजे तिची पाचर झाली असेल, तर कुठला तरी पत्रा जागेवरून हलला आहे.

फट मोजायला खास पट्ट्या मिळतात, पण खिशातलं एटीएम कार्डही चालतं. ही कार्डं जगभर एकाच मापाने बनतात आणि त्यांची जाडी ०.७६ मिलिमीटर असते. पाच कार्डं एकत्र धरली की ३.८ मिलिमीटर होतात. उठावदार अक्षरं नसलेली जुनी, बाद झालेली कार्डं घ्यायची. उजवीकडे जितकी कार्डं सहज सरकतात तितकीच डावीकडेही सरकली पाहिजेत, वरही आणि खालीही. जोर लावून कार्डं कोंबायची नाहीत, नाहीतर दाराच्या कडेचा रंग खरवडतो. गाडी सपाट जमिनीवर उभी हवी आणि दारं नीट लागलेली हवीत. दोन पत्रे एका पातळीत आहेत ना, हे बोटाचं टोक फटीवरून आडवं फिरवून कळतं. एक पत्रा वर आणि दुसरा खाली असेल, तर नखाला लगेच जाणवतं.

फटी रंगापेक्षा खोलवरची गोष्ट सांगतात, त्याचं कारण त्यांच्या रचनेत आहे. दार ज्या बिजागऱ्यांवर टांगलेलं असतं, त्या बिजागऱ्या पुढच्या खांबावर, म्हणजे ‘ए पिलर’वर असतात. हा खांब वेल्डिंगने सांगाड्याला जोडलेला असतो. पुढून एका बाजूला जोराची धडक बसली, की तो धक्का चेसिसच्या पुढच्या बाहूतून आणि चाकावरच्या ॲप्रनमधून मागे या खांबापर्यंत येतो. खांब काही मिलिमीटर जरी मागे सरकला किंवा कलला, तरी त्याच्यावर टांगलेलं दारही मागे जातं आणि पुढच्या-मागच्या दारांमधली फट अरुंद होते. वरचा भाग जास्त सरकला, तर फट वर निमुळती होते. मागून धडक बसली, तर हेच उलट्या दिशेने घडतं : क्वार्टर पॅनल पुढे ढकलला जातो आणि मागच्या दाराच्या मागची फट आवळली जाते. बोल्टचे पत्रे बदलता येतात, रंगवता येतात. वेल्डिंगचा सांगाडा पूर्ववत ओढून आणायला मोठं यंत्र, मापांचा तक्ता आणि वेळ लागतो. गॅरेजवाल्याने हे सगळं टाळलं असेल, तर त्याची खूण फटीत उरते.

उदाहरणादाखल एक गाडी घेऊ. पांढरी हॅचबॅक, सहा वर्षं वापरलेली, पॉलिश केलेली. छतावर सहा जागी १०४ ते ११२ आकडे आले. उजव्या बाजूची दोन्ही दारं, फेंडर, क्वार्टर पॅनल, सगळे १०६ ते १२०. म्हणजे ही बाजू आणि छत मूळ रंगाचे. बोनेटवर पाचही जागी १४५ ते १५५. डाव्या फेंडरवर १४० ते १५०. कोणी पटकन म्हणेल, की फरक किरकोळ आहे. पण बाकीच्या गाडीपेक्षा ३०-४० मायक्रॉन जास्त आणि दोन शेजारच्या पत्र्यांवर सारखेच, हा योगायोग नव्हे. डाव्या पुढच्या दारावर पुढच्या एक तृतीयांश भागात ४२० ते ६५०, मागच्या भागात ११५. डावं मागचं दार आणि क्वार्टर पॅनल पुन्हा ११० च्या आसपास.

आकडे नीट वाचले, तर एक धडक दिसू लागते. ती पुढून डाव्या कोपऱ्यावर बसली. बोनेट आणि फेंडर बदलले गेले, म्हणून तिथला रंग पातळ आणि एकसारखा. फेंडर मागे ढकलला जाऊन दाराच्या पुढच्या कडेत घुसला, म्हणून तिथे पुट्टी. आता कळीचा प्रश्न : धक्का दारापाशीच संपला, की खांबापर्यंत गेला?

उजवीकडच्या दोन दारांमधल्या फटीत वर आणि खाली पाच कार्डं सहज सरकली. डावीकडे खाली चार सरकली, वर तीनच आणि तीही जेमतेम. म्हणजे डावं पुढचं दार वरच्या बाजूला मागे आलं आहे. दार उघडून बिजागऱ्यांचे बोल्ट पाहिले. कारखान्यात हे बोल्ट आधी बसतात आणि रंग नंतर चढतो, म्हणून त्यांच्या डोक्यांवरही गाडीचाच रंग असतो. इथे डोक्यांच्या कोपऱ्यांवरचा रंग उडालेला आणि पान्याच्या खुणा. कोणीतरी दार सरकवून फट जुळवण्याचा प्रयत्न केला होता आणि तो पुरता साधला नव्हता. बोनेटच्या बिजागऱ्यांचे बोल्टही तसेच.

मग बोनेट उघडून दोन्ही ॲप्रन शेजारी-शेजारी पाहिले. ॲप्रन म्हणजे इंजिनच्या दोन्ही बाजूंना, चाकांच्या वरचा आतला पत्रा. कारखान्याचं स्पॉट वेल्डिंग ओळखू येतं : ठरावीक अंतरावर छोटे गोल खळगे, रांगेत. उजव्या ॲप्रनवर ती रांग होती. डावीकडे काही ठिकाणी खळगे नव्हतेच, त्यांच्या जागी घासून सपाट केलेला पत्रा होता आणि जोडावर ब्रशने फासलेलं सीलंट. गाड्यांचे दलाल ज्याला ‘पेस्टिंग’ म्हणतात ते हेच. कारखान्यात हे सीलंट रंगासोबत शंभर अंशांहून बऱ्याच जास्त तापमानाच्या भट्टीत भाजलं जातं आणि टणक होतं. गॅरेजच्या बूथमध्ये तयार गाडीची वायरिंग आणि प्लॅस्टिक सांभाळायचं असल्याने तापमान साधारण ६० अंशांवरच ठेवतात, त्यामुळे तिथलं सीलंट बऱ्याचदा मऊ राहतं. डाव्या जोडावर नख दाबलं, तर वळ उमटला. उजवीकडे उमटला नाही.

एवढ्या खुणा एका दिशेला बोट दाखवत असताना ‘टचिंगसुद्धा नाही’ या वाक्याला अर्थ उरत नाही. पुढच्या धडकेची ऊर्जा शोषून घेणं हे ॲप्रन आणि चेसिसच्या बाहूंचं काम असतं. ते कापून, जोडून, अंदाजाने ओढलेले असतील, तर पुढच्या धडकेत ते मुळासारखे वागतील याची खात्री कोणी देऊ शकत नाही. चाकांचा कोन जुळत नाही, टायर एका कडेने झिजतात, हा त्रास तर रोजचा. ही गाडी सोडून देण्याजोगी.

दुसरी गाडी हिच्या नेमकी उलट असू शकते. उजव्या क्वार्टर पॅनलवर ५२० ते ९०० मायक्रॉन. आकडा ऐकूनच ग्राहक मागे सरतो. पण बाकी सगळे पत्रे ९८ ते ११५. मागच्या दाराच्या आजूबाजूच्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या, डिकीच्या झाकणाच्या फटीही सारख्या. दार उघडून चौकटीच्या आतल्या बाजूला मोजलं, तर दोन्हीकडे सारखाच पातळ आकडा. आतल्या बाजूला कारखानाही कमी रंग मारतो, त्यामुळे तिथे बाहेरच्यापेक्षा कमी माप येणं स्वाभाविक. डिकीचं कार्पेट आणि स्टेपनी उचलून पाहिलं, तर तळाचा पत्रा सरळ, स्पॉट वेल्डिंगचे खळगे आणि सीलंट दोन्ही बाजूंना एकसारखे. क्वार्टर पॅनल वेल्डिंगने जोडलेला असतो. तो कापून बदलला असता, तर जोडाची रेघ चौकटीत किंवा डिकीत आतून दिसली असती. इथे ती नाही. मागे घेताना खांबाला लागलं, पोचा आला, तो ठोकून काढण्याऐवजी पुट्टीने भरला, एवढीच कथा. काम आळशीपणाचं आहे. जाड पुट्टीला पुढे भेगा पडू शकतात आणि तो पत्रा पुन्हा करून घ्यायचा खर्च किमतीतून वजा करून मागता येतो. पण गाडीचा सांगाडा शाबूत आहे.

काही आकडे नवख्याला चकवतात. गाडीवर संरक्षक पारदर्शक फिल्म लावलेली असेल, तर तिचेच दीड-दोनशे मायक्रॉन मापात मिळतात आणि सगळी बोनेट पुन्हा रंगवल्यासारखी वाटते. कडेला फिल्मची किनार शोधली की उलगडा होतो. उलट छत ११० आणि बोनेट ७० असेल, तर वारंवार यंत्राने पॉलिश करून क्लिअर कोट झिजवला असण्याची शक्यता आहे. अशा बोनेटवर पुढच्या काही उन्हाळ्यांत रंग उडू लागतो. उपकरणाने पत्र्यावर काही आकडाच दिला नाही, तर खाली पोलाद नाही : फेंडर प्लॅस्टिकचा आहे किंवा उपकरण फक्त लोखंडाचं आणि पत्रा ॲल्युमिनियमचा. फटींचंही तसंच. जुन्या गाडीच्या चालकाच्या बाजूच्या दाराच्या बिजागऱ्या झिजून दार थोडं खाली बसतं. दार उघडून कडेला धरून वर उचललं आणि ते हललं, तर दोष बिजागरीचा, खांबाचा नव्हे.

पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी या दोन्ही तपासण्यांतून सहज सुटते, कारण पाण्याने पत्रा वाकत नाही आणि रंगही जाड होत नाही. तिथे सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून त्यावरची गाळाची रेघ, सीटखालच्या लोखंडी पट्ट्यांवरचा गंज आणि कार्पेटखालची माती पाहावी लागते.

सगळं जुळत असेल, तरी शेवटची पायरी गॅरेजच्या लिफ्टवरची. गाडी वर उचलली की चेसिसचे पुढचे दोन बाहू खालून दिसतात. ते सरळ आहेत का, त्यांवर सुरकुत्या आहेत का, एका बाजूला ताजा काळा रंग फासलेला आहे का, हे पाहायला दहा मिनिटं पुरतात. विकणाऱ्याकडे विम्याची चालू पॉलिसी मागावी. भारतात दावा न केल्याबद्दल मिळणारी सूट पहिल्या वर्षानंतर २० टक्क्यांपासून सुरू होऊन पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत जाते. तोच मालक सहा वर्षं गाडी चालवतो, कधी अपघात झाला नाही म्हणतो आणि पॉलिसीवर सूट शून्य असेल, तर मध्ये दावा का झाला, असं विचारायला हरकत नाही. कधी उत्तर काचेचं किंवा बंपरचं असतं. ते खरं आहे का, हे कागदावर लिहून ठेवलेल्या पत्र्यांच्या आकड्यांशी आणि फटींच्या मापांशी तिथल्या तिथे पडताळून पाहता येतं.